२१,४०० शेअर ‘लागले’, पण अर्ज भरलाच नव्हता : बजाज हाउसिंग फायनान्सच्या आयपीओतले एक प्रकरण

सप्टेंबर २०२४. गणपतीचे दिवस, आणि बजाज हाउसिंग फायनान्सचा आयपीओ, म्हणजे कंपनीची पहिलीच जाहीर शेअर विक्री. कंपनी पुण्याची, नाव घराघरात माहीत, किंमत ६६ ते ७० रुपये. ज्यांनी आयुष्यात एकही शेअर घेतला नव्हता तेसुद्धा त्या आठवड्यात अर्ज कुठे भरायचा ते विचारत होते. खरा इश्यू चांगला असला आणि मागणी जोरात असली की खोट्या ग्रुपवाल्यांचा धंदाही तेजीत येतो. या प्रकरणातल्या गृहस्थांना कोणी बोगस कंपनीचे शेअर विकले नाहीत. कंपनी खरी होती, तारखा खऱ्या होत्या, लिस्टिंगचा, म्हणजे बाजारात पहिल्या दिवशी उघडलेला, भावसुद्धा खरा होता. खोटा होता तो फक्त त्यांचा अर्ज.

मी मिरजेत कर सल्लागार म्हणून काम करतो. १८ सप्टेंबरला एक निवृत्त शिक्षक माझ्याकडे आले. गावात त्यांना सगळे गुरुजी म्हणतात, मीही तेच म्हणतो. त्यांची ओळख पटेल असे तपशील इथे बदलले आहेत आणि हिशेब सरळ दिसावा म्हणून रकमा थोड्या गोल केल्या आहेत. त्यांचा प्रश्न एवढाच होता : “साहेब, शेअरच्या नफ्यावर वीस टक्के कर आधी भरायचा असतो ना? एफडी मोडू का?”

त्यांनी मोबाइल पुढे केला. अ‍ॅपमध्ये दिसत होते : बजाज हाउसिंग फायनान्स, २१,४०० शेअर, खरेदी ७० रुपये, लिस्टिंग १५० रुपये, नफा १७,१२,००० रुपये. खाली लाल पट्टीत लिहिले होते की पैसे काढण्यापूर्वी २० टक्के कर, म्हणजे ३,४२,४०० रुपये, दिलेल्या खात्यात जमा करावेत.

हा आकडा नीट पाहण्यासारखा आहे, कारण त्यातले बरेच काही बरोबर आहे. शेअर खरोखरच १६ सप्टेंबरला १५० रुपयांवर लिस्ट झाला होता. अल्पकालीन भांडवली नफ्यावरचा कर २३ जुलै २०२४ पासून खरोखरच २० टक्के झाला होता. गुरुजींनी दोन्ही गोष्टी वर्तमानपत्रात वाचल्या होत्या, त्यामुळे पडद्यावरचे बाकी सगळेही त्यांना खरेच वाटले. खटकायला हवा होता तो आकडा वेगळाच होता, २१,४०० शेअर. त्याकडे पुढे येतो.

पैसे कसे गेले

ऑगस्टमध्ये त्यांना एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये जोडले गेले. वर एका परदेशी ब्रोकरेजशी मिळतेजुळते नाव, आत एक ‘सर’, एक त्यांची मदतनीस आणि रोज आपला नफा दाखवणारे शंभरेक सभासद. पहिले पंधरा दिवस फक्त मार्गदर्शन चालले. मग लिंकवरून अ‍ॅप उतरवायला सांगितले. दहा हजार भरले, चार दिवसांनी दीड हजार नफा काढू दिला आणि तो खात्यात आलाही. त्या दीड हजारावरच पुढचा सगळा विश्वास उभा राहिला.

९ सप्टेंबरला इश्यू उघडला तेव्हा ग्रुपवर संदेश आला : आपल्याकडे ‘संस्थात्मक खाते’ आहे, त्यातून अर्ज केला की अलॉटमेंट, म्हणजे शेअर वाट्याला येणे, हमखास, आणि लिस्टिंगला दुप्पट. गुरुजींनी एका चालू खात्यावर दोन लाख रुपये पाठवले. खाते कुठल्याशा ट्रेडिंग फर्मच्या नावाने होते. त्यांनी विचारले, मी माझ्या बँकेतूनही एक अर्ज टाकू का? मदतनीस म्हणाली, एकाच पॅनवर दोन अर्ज गेले तर दोन्ही बाद होतात, तुम्ही टाकू नका.

माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात हुशारीची चाल हीच. एकाच पॅनवर एकाच गटात दोन अर्ज केले तर ते बाद होतात, हा नियम खरा आहे. पण त्याचा वापर करून गुरुजींना खऱ्या अर्जापासून दूर ठेवले गेले. त्यांनी बँकेतून अर्ज केला असता तर खरा अर्ज कसा असतो ते त्यांना दिसले असते, आणि दोन्हींतला फरक त्याच दिवशी डोळ्यांत भरला असता.

१२ तारखेला, म्हणजे अलॉटमेंटच्या दिवशी, अ‍ॅपमध्ये २१,४०० शेअर लागल्याचे झळकले. ७० रुपयांनी त्याचे होतात १४,९८,०००. भरले होते दोन लाख. उरलेले १२,९८,००० भरा, नाहीतर खाते गोठेल आणि सिबिल खराब होईल, असा तगादा सुरू झाला. गुरुजींनी एक एफडी मोडून ४,९८,००० भरले. राहिलेल्या आठ लाखांसाठी ‘कंपनीने’ त्यांना अ‍ॅपमध्येच कर्ज दिल्याचे दाखवले. १६ तारखेला पडद्यावर नफा झाला, १७ तारखेला त्यांनी पैसे काढायला टाकले, आणि तेव्हा कराची मागणी आली. तोपर्यंत या इश्यूच्या नावावर ६,९८,००० रुपये गेले होते.

पडताळणी

मी त्यांना पहिला प्रश्न विचारला तो शेअरचा नव्हता, बँकेचा होता. “गुरुजी, पैसे खात्यातून गेले का नुसते अडकले?” ते म्हणाले, गेले. तिथेच माझ्यापुरता निकाल लागला होता.

आपल्याकडे आयपीओच्या अर्जात पैसे कोणाला पाठवायचेच नसतात. तुमच्याच बँक खात्यात ती रक्कम ब्लॉक होते. बचत खात्यावर तिचे व्याजही चालू राहते. बँकेच्या नेटबँकिंगवरून अर्ज केला तर बँक स्वतः रक्कम अडकवते. ब्रोकरच्या अ‍ॅपवरून केला तर तुमच्या युपीआय अ‍ॅपमध्ये मॅन्डेटची, म्हणजे रक्कम अडकवायच्या परवानगीची, विनंती येते आणि तुम्ही पिन टाकून ती मंजूर करता. शेअर लागले तर लागलेल्या शेअरांपुरतेच पैसे कापले जातात, नाही लागले तर ब्लॉक सुटतो. ज्याने तुमच्याकडून आयपीओसाठी एनईएफटी, आयएमपीएस किंवा क्यूआर कोडवर पैसे मागितले, त्याने अर्ज भरलेला नाही. यासाठी दुसरे काहीही तपासायची गरज नाही.

पण गुरुजींचे समाधान झाले नव्हते. साहजिकच होते, सतरा लाख डोळ्यांसमोर दिसत होते. म्हणून आम्ही अलॉटमेंटच तपासली. मुंबई शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर त्यासाठी वेगळे पान आहे :

`www.bseindia.com/investors/appli_check.aspx`

तिथे इश्यूचा प्रकार इक्विटी निवडायचा, कंपनीचे नाव निवडायचे, अर्ज क्रमांक किंवा पॅन टाकायचा. हाच शोध इश्यूच्या रजिस्ट्रारच्या, म्हणजे अर्जांची नोंद आणि वाटप सांभाळणाऱ्या संस्थेच्या, संकेतस्थळावरही घेता येतो. या इश्यूचे रजिस्ट्रार केफिन टेक्नॉलॉजीज होते. गुरुजींनी स्वतःच्या हाताने पॅन टाकला. नोंद सापडली नाही. स्पेलिंग चुकले असेल म्हणून त्यांनी पुन्हा टाकला. मग मी माझ्या एका अशिलाचा पॅन त्यांच्या परवानगीने टाकून दाखवला. त्या अशिलाला शेअर लागले नव्हते, तरी नाव आणि अर्ज केलेले शेअर दिसले, आणि लागलेल्या शेअरांपुढे शून्य. न लागलेल्या अर्जाचीही नोंद असते, हे पाहिल्यावर गुरुजी बराच वेळ काही बोलले नाहीत.

शेवटची खात्री डीमॅट खात्याची, म्हणजे शेअर ज्यात जमा होतात त्या खात्याची. मुलाने दोन वर्षांपूर्वी त्यांचे खाते उघडून दिले होते, ते सीडीएसएल या शेअरांची अधिकृत नोंद ठेवणाऱ्या संस्थेकडे होते. शेअर लागले असते तर लिस्टिंगच्या आधीच तिथे जमा झाले असते. डिसेंबर २०२३ पासून इश्यू बंद झाल्यावर तिसऱ्या कामकाजाच्या दिवशी लिस्टिंग सक्तीचे आहे, त्यामुळे हे सगळे दोन-तीन दिवसांत उरकते. हा इश्यू बुधवारी ११ तारखेला बंद झाला आणि सोमवारी १६ ला लिस्ट झाला. १८ तारखेला गुरुजींच्या डीमॅटमध्ये काहीच नव्हते. अ‍ॅपमधला होल्डिंगचा आकडा म्हणजे नुसते चित्र. सीडीएसएल किंवा एनएसडीएल या तशाच दुसऱ्या संस्थेकडे जे दिसत नाही, ते तुमच्या मालकीचे नाही.

२१,४०० हा आकडाच अशक्य का होता

वरच्या तिन्ही तपासण्या न करताही, केवळ कागद-पेन्सिल घेऊन, हा बनाव १२ तारखेलाच उघडा पडला असता. म्हणून हा भाग जरा सविस्तर सांगतो.

या इश्यूत एक लॉट, म्हणजे कमीत कमी मागता येणारा गठ्ठा, २१४ शेअरांचा होता, म्हणजे ७० रुपयांनी १४,९८० रुपये. किरकोळ गुंतवणूकदाराला दोन लाखांपर्यंतच अर्ज करता येतो, म्हणजे जास्तीत जास्त १३ लॉट, २,७८२ शेअर. गुरुजींनी दोन लाख भरले होते, तेव्हा अर्ज खरा असता तरी याच्या पलीकडे शेअर लागणे शक्य नव्हते. जितक्याचा अर्ज तितकेच जास्तीत जास्त मिळणार. अर्ज दोन लाखांचा आणि अलॉटमेंट पंधरा लाखांची, असा प्रकार आपल्या बाजारात नाही. त्यामुळे ‘जास्त लागले म्हणून उरलेले भरा’ ही मागणी कुठल्याही इश्यूत, कधीही खोटीच.

आणि २,७८२ तरी कुठून लागणार? किरकोळ गटात मागणी जास्त झाली की वाटप लॉटरीने होते आणि प्रत्येकाला एकच लॉट दिला जातो. या इश्यूत किरकोळ गट सुमारे सातपट भरला होता. म्हणजे ज्याच्या नशिबात होते त्याला २१४ शेअर, बाकीच्यांना शून्य. दोन लाखांच्या वरच्या गटातसुद्धा २०२२ पासून साधारण हीच पद्धत आहे. गट ओसंडून भरला की ज्यांना लागतात त्यांना त्या गटाच्या किमान अर्जाएवढे शेअर मिळतात. इथे तो किमान अर्ज १४ लॉटचा, २,९९६ शेअरांचा होता. पन्नास लाखांचा अर्ज करणाऱ्यालाही एवढीच आशा होती.

राहिले ते ‘संस्थात्मक खाते’. तो गट म्युच्युअल फंड, बँका, विमा कंपन्या, परदेशी संस्था अशांचा. भारतात राहणाऱ्या व्यक्तीला त्यात दुसऱ्याच्या खात्याआडून शिरता येत नाही. शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीने फेब्रुवारी २०२४ मध्ये, म्हणजे या प्रकरणाच्या सात महिने आधी, नेमका हाच इशारा दिला होता : परदेशी संस्थांच्या नावाने ‘संस्थात्मक खाते’ देऊ करणारे, डीमॅट लागत नाही म्हणणारे अ‍ॅप फसवे आहेत. शिवाय त्या गटातही कोणाला हमी नसते. याच इश्यूत तो दोनशेहून अधिक पट भरला होता.

वेगळा दरवाजा नव्हताच असे मात्र नाही. बजाज फायनान्स आणि बजाज फिनसर्व्हच्या भागधारकांसाठी ५०० कोटींचा राखीव हिस्सा होता. पण तो इश्यूच्या माहितीपत्रात छापलेला होता, त्यासाठी आधीपासून ते शेअर डीमॅटमध्ये असावे लागत होते, आणि तिथेही मागणी जास्तच होती. खरी सवलत कागदावर सगळ्यांना दिसते. ग्रुपमध्ये कुजबुजून सांगितली जाते ती सवलत नसते.

कितीपट भरला, हे कुठे आणि कसे पाहायचे

ग्रुपमध्ये रोज ‘किरकोळ गट ४५ पट’ असे स्क्रीनशॉट फिरत होते. खरा आकडा मुंबई आणि राष्ट्रीय शेअर बाजाराच्या संकेतस्थळांवर इश्यू चालू असताना दिवसभर बदलत दिसतो, गटवार. एकूण आकड्यावर जाऊ नका, आपल्या गटाची ओळ पाहा. हा इश्यू एकूण साठपटीहून अधिक भरला, पण त्यातला मोठा भाग संस्थांचा होता. किरकोळ गट सातपटच होता. दोन्ही बाजारांचे अर्ज एकत्र मोजलेली आकडेवारी पाहावी. एकाच बाजाराचा आकडा अपुरा असतो.

सातपट म्हणजे सातात एकाला लागणार, असे मात्र नाही. पट मोजली जाते शेअरांवर आणि लॉटरी निघते अर्जांवर. समजा १,००० लॉट आहेत आणि मागणी ७,००० लॉटची आली. ती ७,००० लोकांनी एकेक लॉट मागून केली असेल तर सातात एक. पण ३,५०० लोकांनी दोन-दोन मागितले असतील तर सातात दोन. पट तीच, शक्यता दुप्पट. बजाज हाउसिंगला सगळ्या गटांत मिळून सुमारे ८९ लाख अर्ज आले होते, आणि किरकोळ गटासाठी होते साडेतेरा ते चौदा लाख लॉट. नेमके प्रमाण शेवटी रजिस्ट्रारच्या वाटप तक्त्यात येते. किती वैध अर्ज आले आणि किती जणांना किती शेअर दिले, हे त्यात असते, आणि तो वर्तमानपत्रात जाहिरात म्हणून छापला जातो. माझ्या ओळखीत तो तक्ता वाचणारे फार थोडे आहेत. एखाद्या ग्रुपने ‘आमच्या सगळ्या सभासदांना लागले’ असा दावा केला तर तो या तक्त्यापुढे ठेवून पाहावा.

यातूनच समजते की सात पट भरलेल्या गटात तेरा लॉटचा अर्ज करून शक्यता वाढत नाही, फक्त जास्त पैसे अडकतात. शक्यता वाढवायचा सरळ मार्ग म्हणजे घरातल्या वेगवेगळ्या माणसांनी आपापल्या पॅनवर, आपापल्या डीमॅटमधून आणि आपापल्या बँक खात्यातून एकेक लॉट मागणे. दुसऱ्याच्या बँक खात्यातून भरलेला अर्ज बाद होतो.

आणि हमखास अलॉटमेंट? ती असते. ऑक्टोबर २०२४ मध्ये ह्युंदाई मोटर इंडियाचा इश्यू आला, २७,८७० कोटींचा, त्या वेळचा देशातला सगळ्यात मोठा. किरकोळ गट निम्माच भरला. ज्यांनी वैध अर्ज केला त्या सगळ्यांना मागितले तेवढे शेअर मिळाले, १,९६० रुपयांनी. २२ ऑक्टोबरला राष्ट्रीय शेअर बाजारात तो १,९३४ वर उघडला, दिलेल्या किमतीच्या खाली. सगळ्यांना शेअर पुरतात तेव्हा मागणी कमी असते, आणि मागणी कमी असताना लिस्टिंगला भाव उसळण्याचे कारण उरत नाही. उलट लिस्टिंगला दुप्पट होण्याइतकी ओढ असेल तर शेअर सगळ्यांना पुरत नाहीत. म्हणून ‘हमखास अलॉटमेंट’ आणि ‘हमखास लिस्टिंग गेन’ या दोन हमी एकाच तोंडातून आल्या की त्या माणसाचा खोटेपणा त्या वाक्यातच सिद्ध होतो. या धंद्यातला प्रत्येक संदेश मी आधी याच कसोटीवर तपासतो.

पुढे काय झाले

कराबाबत गुरुजींना दिलेले उत्तर सोपे होते. निवासी माणसाच्या शेअर विक्रीतून ब्रोकर भांडवली नफ्याचा कर कापत नाही, आधी मागत तर नाहीच. तो आपण आगाऊ कर म्हणून किंवा विवरणपत्र भरताना सरकारच्या खात्यात स्वतः भरतो. आणि कर खरंच देणे असता तरी सतरा लाखांतून वळता करता आला असता. स्वतःच्या नफ्यातून न कापता बाहेरून ताजे पैसे मागणारा माणूस, तो नफा अस्तित्वात नाही हेच सांगत असतो.

तिथूनच सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन लावला आणि `cybercrime.gov.in` वर तक्रार नोंदवली. प्रत्येक व्यवहाराला बँकेने दिलेला युटीआर क्रमांक, तारीख, वेळ आणि ज्या खात्यावर पैसे गेले तो क्रमांक, एवढे तयार असले की पुढच्या बँकेला खाते गोठवायला सांगता येते. गुरुजी रागाने ग्रुप सोडणार होते. आधी चॅट, अ‍ॅपचे पडदे, खाते क्रमांक पाठवलेले संदेश सगळे जतन करायला लावले, कारण ग्रुपमधून बाहेर पडल्यावर तेच हाती लागत नाही. मग बँकेत लेखी अर्ज आणि पोलीस ठाण्यात फिर्याद.

दोन लाखांचा पहिला हप्ता नऊ दिवसांपूर्वी गेला होता, तो कधीच पुढे सरकला होता. दुसऱ्या हप्त्यातली थोडी रक्कम एका खात्यात अडकून सापडली. ती परत मिळवण्यासाठी न्यायालयाच्या आदेशाचे काम चालू आहे. पहिल्या काही तासांत तक्रार गेली असती तर जास्त अडकले असते, हे मी गुरुजींना सांगितले नाही. त्यांनाही ते कळले होते.

आज हेच प्रकरण घडले तर पडताळणीला आणखी एक साधन आहे. ऑक्टोबर २०२५ पासून सेबीकडे नोंदणी असलेल्या ब्रोकरांना ठरावीक युपीआय पत्ते मिळाले आहेत, ज्यांत `.brk@valid` आणि पुढे बँकेचे नाव असते. ‘सेबी चेक’ या सुविधेत तो पत्ता किंवा खाते क्रमांक टाकून पाहता येतो. ब्रोकरच्या खात्यात पैसे भरताना त्याचा उपयोग आहे. आयपीओच्या अर्जासाठी मात्र ब्रोकरलाही पैसे द्यायचे नसतात, हे विसरू नये. नोंदणी क्रमांकावरही एकट्या विसंबू नये. तो कोणाचाही चोरून छापता येतो, म्हणून सेबीच्या यादीत जो फोन दिला आहे त्यावर आपण स्वतः फोन करून विचारावे.

नोव्हेंबरमध्ये गुरुजींना एक फोन आला. बोलणारा स्वतःला सायबर वकील म्हणवत होता. त्याला बुडालेली रक्कम पैशापैशापर्यंत ठाऊक होती, आणि पंधरा हजार ‘प्रक्रिया शुल्क’ भरले तर दहा दिवसांत सगळे परत मिळवून देतो म्हणत होता. बळी पडलेल्यांच्या याद्या पुढे विकल्या जातात आणि दुसरी टोळी याच वाटेने येते. गुरुजींनी पैसे भरले नाहीत. नंबर लिहून घेतला आणि तक्रारीच्या क्रमांकासह तपास अधिकाऱ्याकडे नेऊन दिला.